क्षयोपचारातील यकृतविकार: औषध केव्हा थांबवावे, पुन्हा कसे सुरू करावे

क्षयरोगाच्या प्रचलित उपचारात पहिले दोन महिने जी चार औषधे एकत्र दिली जातात, त्यांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन यकृताला इजा करू शकतात, आणि चौथे इथाम्बुटॉल तेवढे त्या बाबतीत जवळजवळ निरुपद्रवी आहे. अडचण अशी की, ज्या तीन औषधांपासून यकृताला भय, त्याच तिघांच्या बळावर सहा महिन्यांत क्षय बरा होण्याची शाश्वती मिळते. इथाम्बुटॉल मुख्यतः जंतूंमध्ये औषधप्रतिकार उत्पन्न होऊ नये म्हणून सोबतीला दिलेले असते. म्हणून उपचार चालू असताना रुग्णाचे यकृत बिघडले, तर वैद्यापुढे दोन प्रश्न एकामागून एक उभे राहतात. औषधे केव्हा थांबवावीत हा पहिला, आणि थांबवलेली औषधे परत कशी रुजू करावीत हा दुसरा. पहिल्या प्रश्नाविषयी लोकांत थोडीबहुत जाणीव आहे; परंतु दुसऱ्याकडे दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते अधिक हानी तेथेच होते. कावीळ झाली म्हणून औषधे सोडलेला आणि कावीळ उतरल्यावरही ती परत न घेतलेला रुग्ण यकृताच्या संकटातून सुटतो, पण अर्धवट उपचारामुळे माजलेला क्षय घेऊन घरी बसतो.

या औषधांचा हा दोष प्रथमपासून ज्ञात नव्हता. आयसोनियाझिड १९५२ साली वापरात आले, तेव्हा त्याचा प्रभाव आणि स्वस्ताई पाहून वैद्यकविश्व हर्षभरित झाले, आणि पुढे क्षयाचा संसर्ग झालेल्या, परंतु आजारी नसलेल्या माणसांनाही प्रतिबंधासाठी ते देण्याचा प्रघात पडला. १९७० साली वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉल हिलवरील कर्मचाऱ्यांत क्षयाचे रुग्ण आढळल्यावर २,३२१ जणांना असे प्रतिबंधक आयसोनियाझिड सुरू करण्यात आले. त्यांतील १९ जणांना यकृतविकार जडला आणि दोघे मरण पावले. धडधाकट माणसे, एकच औषध, आणि तरीही मृत्यू, हे पाहिल्यावर या औषधाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. पुढील अनुभवाने असेही दाखवून दिले की, मळमळ, अन्नद्वेष, थकवा अशी लक्षणे दिसू लागल्यावरही ज्यांनी गोळ्या चालूच ठेवल्या, त्यांच्यात गंभीर परिणामांचे प्रमाण मोठे असते. वेळीच थांबवलेल्या औषधाने झालेली इजा बहुधा भरून निघते, आणि थांबवण्यासंबंधीच्या साऱ्या नियमांचा पाया हाच अनुभव आहे.

इजा होते कशी, हे थोडे समजून घेणे अवश्य आहे, कारण पुढचा क्रम त्यावरच बेतलेला आहे. आयसोनियाझिड यकृतात गेल्यावर एका विकराच्या साहाय्याने त्याचे रूपांतर होते, आणि त्या प्रक्रियेत हायड्रॅझिनच्या कुळातील काही विषारी द्रव्ये निर्माण होतात. हा विकर काही माणसांत जन्मतःच मंद असतो. अशांच्या शरीरात ही विषद्रव्ये अधिक काळ रेंगाळतात, आणि आपल्या देशात अशा मंद प्रकृतीची माणसे निम्म्याहून अधिक आहेत. रिफाम्पिसिन एकटे असताना तुलनेने सौम्य असते. ते पित्तरंजकाच्या उत्सर्जनात अडथळा आणते, म्हणून आरंभी काही दिवस रक्तातील बिलिरुबिन किंचित वाढून आपोआप उतरलेलेही दिसते. मात्र ते यकृतातील विकरांना उद्दीपित करते, आणि आयसोनियाझिडबरोबर दिले असता इजेचा संभव वाढवते. पायराझिनामाइड हे तिघांत सर्वांत उग्र. त्याचा दोष मात्रेवर अवलंबून असतो. १९५० च्या दशकात ते आजच्याहून पुष्कळ मोठ्या मात्रेत दिले जाई, आणि त्या काळी यकृतविकारांमुळे ते जवळजवळ बाजूस टाकले गेले होते. आता वजनाच्या दर किलोमागे सुमारे २५ मिलिग्राम एवढी मात्रा ठेवल्याने ते सुसह्य झाले आहे, तरी त्याने झालेली इजा अनेकदा तीव्र असते आणि औषध थांबवल्यावरही लांबत जाते. चालू शतकाच्या आरंभी अमेरिकेत सुप्त संसर्गासाठी रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही जोडी दोन महिने देण्याची पद्धत निघाली होती. तीत यकृत निकामी होऊन मृत्यू घडल्यामुळे २००३ साली ती सर्वसाधारण वापरातून मागे घ्यावी लागली.

यकृतावर आघात झाल्याची पहिली वार्ता बहुधा पोटाकडून येते, डोळ्यांच्या पिवळेपणाकडून येत नाही. अन्नावरची वासना उडणे, तेला-फोडणीच्या वासाने मळमळणे, उलट्या, उजव्या बरगडीखाली जडपणा, कारणावाचून आलेला विलक्षण थकवा, ही लक्षणे बहुतेक रुग्णांत पहिल्या दोन महिन्यांत येतात. परंतु या गोळ्यांनी साधी मळमळही पुष्कळांना होते, आणि येथेच फसगत होते. रुग्ण म्हणतो, ‘‘पित्त झाले आहे’’. घरचे म्हणतात, ‘‘औषध उष्ण पडले’’. आणि दुकानातून पित्तशामक गोळ्या आणून क्षयाच्या गोळ्या तशाच पुढे चालू राहतात. निव्वळ जठराच्या तक्रारीची मळमळ गोळ्या घेतल्यानंतर लवकर येते आणि काही तासांत ओसरते. दिवसभर टिकणारी, दुसऱ्या दिवशी वाढणारी आणि अन्नद्वेषासह येणारी मळमळ यकृताची असण्याचा संभव मोठा. हे भेद संशय घेण्यापुरते उपयोगी आहेत, निर्णयासाठी नव्हेत. निर्णय रक्ताच्या तपासणीने होतो, आणि उलटी होणाऱ्या क्षयरुग्णाची ती तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे.

लघवीच्या रंगाचा एक घोटाळा येथेच सांगितला पाहिजे. रिफाम्पिसिन घेणाऱ्या प्रत्येकाची लघवी नारिंगी-तांबूस होते, कधी अश्रू आणि घामही रंगतात; हा औषधाचा स्वतःचा रंग आहे, तो पहिल्या दिवसापासून दिसतो आणि त्यात भिण्यासारखे काही नाही. दुर्दैवाने रुग्णाला ‘‘लघवी लाल होईल, घाबरू नका’’ एवढेच सांगितलेले असते, आणि मग काविळीची गडद, कोऱ्या चहासारखी लघवी दिसू लागली तरी तो घाबरत नाही. आधी नारिंगी असलेला रंग काही आठवड्यांनी काळपट होत चालला, गोळी घेतल्यावर पुष्कळ तास उलटूनही तो फिका पडेना, किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागला, तर तो औषधाचा रंग समजू नये.

आता रक्ततपासणीची भाषा. यकृतपेशींना इजा झाली की त्यांतील एक विकर रक्तात उतरतो. आपल्याकडील प्रयोगशाळांच्या अहवालात तो एसजीपीटी या नावाने छापलेला असतो. त्याची सामान्य मर्यादा प्रयोगशाळेगणिक थोडी बदलते. विवेचनापुरती आपण ती ४० धरू. चार औषधे घेणाऱ्या सुमारे वीस टक्के रुग्णांत हा आकडा उपचाराच्या आरंभी काहीसा वाढतो आणि औषधे चालू असतानाच आपोआप खाली येतो. यकृत त्या नव्या भाराशी जुळवून घेत असते. म्हणून आकडा ७० किंवा ९० आला, रुग्णाला कसलाही त्रास नाही, भूक उत्तम आहे, तर औषधे थांबवणे चूक ठरते. अशा वेळी आठवड्या-दोन आठवड्यांनी फेरतपासणी करावी, मद्य पूर्णपणे वर्ज्य करावे, आणि उपचार पुढे चालू ठेवावा. घाईने थांबवलेल्या उपचाराची किंमत क्षयाच्या रूपाने मोजावी लागते, हे जंतुविज्ञान विसरत नाही.

थांबवण्याची हद्द पुढीलप्रमाणे आखलेली आहे. रुग्णाला लक्षणे असतील, तर एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या तिप्पट, म्हणजे आपल्या उदाहरणात १२० झाले की यकृताला उपद्रव देणारी औषधे थांबवावीत. लक्षणे मुळीच नसतील, तर पाचपट, म्हणजे २०० होईपर्यंत कसून लक्ष ठेवण्याची मुभा आहे. लक्षणांसह कावीळ दिसत असेल तर आकड्याच्या हिशेबाची वाट पाहू नये. अहवाल हाती येण्यास दोन दिवस लागणार असतील आणि रुग्णाला उलट्या होत असतील, तर त्या दोन दिवसांत गोळ्या थांबवणेच शहाणपणाचे, कारण दोन दिवसांच्या खंडाने क्षय बळावत नाही, परंतु इजा होत असलेल्या यकृतावर आणखी दोन दिवस पायराझिनामाइडचा मारा महाग पडू शकतो. हायमन झिमरमन या अमेरिकन यकृततज्ज्ञाने नोंदवलेले निरीक्षण आजही प्रमाण मानले जाते: औषधाने यकृतपेशींना इजा होऊन जर कावीळही उमटली, तर अशा रुग्णांपैकी सुमारे दहांत एक दगावतो. याचा अर्थ, डोळे पिवळे होईपर्यंत थांबणे हेच मुळात उशीर करणे होय.

थांबवायचे ते तिन्ही औषधांना एकदम. कोणत्या एका औषधाने हे केले, याचा अंदाज त्या घटकेला कोणालाही खात्रीने बांधता येत नाही, आणि अंदाजाने एक काढून बाकीची चालू ठेवली, तर चुकीचे औषध बडतर्फ होऊन खरा अपराधी आतच राहण्याचा धोका असतो. मात्रा अर्धी करून पाहणे तर त्याहून वाईट. त्याने यकृताचेही रक्षण होत नाही आणि क्षयाचे जंतूही मरत नाहीत.

औषधे थांबवताच दुसरी कारणे शोधावी लागतात. हिपॅटायटिस अ आणि इ या विषाणूंच्या काविळी आपल्याकडे दूषित पाण्यातून, विशेषतः पावसाळ्यात पसरतात, आणि क्षयाचे औषध घेणारा माणूसही तेच पाणी पितो. ब आणि क या विषाणूंचा जुना संसर्ग औषधाची इजा अधिक गडद करतो. मद्यपानाची चौकशी नीट, रुग्णाला न दुखावता, परंतु स्पष्ट शब्दांत करावी लागते. अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल किती घेतले, एचआयव्हीवरील औषधे चालू आहेत काय, एखाद्या पुडीतून किंवा काढ्यातून काही घेतले काय, हेही विचारावे लागते. महाराष्ट्रात कावीळ उतरवणारे ठिकठिकाणी आहेत. कोणी गळ्यात माळ घालतो, कोणी नाकात वनस्पतीचा रस पिळतो, कोणी हातावर डाग देतो. औषधाने झालेली कावीळ औषध थांबल्यावर बहुधा आपोआपच उतरते, आणि श्रेय माळेला जाते. येथवर नुकसान झाले नाही असे कोणी म्हणेल. पण त्या रसात काय होते हे कोणास ठाऊक नसते, आणि त्याहून मोठे नुकसान हे की, कावीळ उतरली म्हणजे काम झाले असे समजून रुग्ण क्षयाच्या दवाखान्याची पायरी परत चढत नाही.

या मधल्या काळात क्षयाचे काय, हा प्रश्न रुग्णाच्या स्थितीवर सोडवायचा असतो. मानेतील गाठीचा किंवा मर्यादित क्षय असून रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, तर दोन-तीन आठवडे काहीही न देता वाट पाहता येते. परंतु मेंदूच्या आवरणाचा क्षय असेल, फुप्फुसात मोठ्या पोकळ्या असतील, थुंकीत जंतू दिसत असतील, किंवा रुग्ण अत्यवस्थ असेल, तर यकृताला न दुखवणाऱ्या औषधांची तात्पुरती तजवीज करावी लागते; इथाम्बुटॉल, लिव्होफ्लॉक्सासिन आणि स्ट्रेप्टोमायसिनसारखे इंजेक्शन ही त्यांतली नेहमीची. येथे पथ्य एवढेच की, एकटे इथाम्बुटॉल कधीही देऊ नये, कारण एकाच औषधाशी सामना असलेला जंतू त्याचा प्रतिकार लवकर शिकतो. स्ट्रेप्टोमायसिन मूत्रपिंडावर आणि कानावर, तर इथाम्बुटॉल दृष्टीवर दुष्परिणाम करू शकते; ही जोडणी पुलासारखी पैलतीर येईपर्यंतच वापरायची असते.

मग पुन्हा सुरुवात केव्हा? एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या दुपटीखाली, म्हणजे ८० च्या खाली उतरले, मळमळ गेली, भूक परतली आणि कावीळ असल्यास ती ओसरली, म्हणजे. यास बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. पुन्हा सुरू करताना एक-एक औषध, मध्ये काही दिवसांचे अंतर आणि प्रत्येक पायरीवर रक्ततपासणी, असा क्रम अमेरिकन वक्षरोग संस्थेने २००६ साली सांगितला: प्रथम रिफाम्पिसिन, सोबत इथाम्बुटॉल, तीन ते सात दिवसांनी तपासणी ठीक आल्यास आयसोनियाझिड, पुन्हा तितक्याच अवधीनंतर, आणि तेही मूळ इजा सौम्य असेल तरच, पायराझिनामाइड. रिफाम्पिसिनला अग्रमान का? एक तर तिघांत यकृतपेशींना त्याचा उपद्रव सर्वांत कमी. आणि दुसरे, उपचाराचा संपूर्ण डोलारा त्याच्यावर उभा असल्यामुळे ते सोसते की नाही हे सर्वांआधी कळणे इष्ट असते. ब्रिटिश पद्धतीत क्रम थोडा निराळा आहे. तीत आयसोनियाझिड आधी, आणि प्रत्येक औषध अल्प मात्रेने आरंभून चढवत नेण्याची रीत आहे.

यांतील कोणता मार्ग श्रेष्ठ, हे पाहण्याचा महत्त्वाचा प्रयत्न आपल्याच देशात झाला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील वैद्यांनी १७५ रुग्णांना तीन गटांत विभागले. एका गटात तिन्ही औषधे पूर्ण मात्रेत एकदम, दुसऱ्यात अमेरिकन क्रमाने, तिसऱ्यात ब्रिटिश क्रमाने परत सुरू केली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकंदर १९ जणांना यकृतविकार उलटला, आणि तिन्ही गटांतील आकडे अनुक्रमे आठ, सहा आणि पाच असे, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने भेद न मानण्याइतके जवळ होते. उलटण्याची पूर्वसूचना देणारी एकच गोष्ट ठळकपणे आढळली, ती म्हणजे रक्तातील अल्ब्युमिनची कमतरता. कुपोषित माणसाला धोका अधिक, हे त्यातून पुन्हा अधोरेखित झाले. तुर्कस्तानातील २००१ सालच्या एका लहान अभ्यासात मात्र पायराझिनामाइडसह जुनीच योजना पूर्ण मात्रेत परत दिलेल्या २५ जणांपैकी सहांना विकार उलटला होता, तर पायराझिनामाइड वगळून हळूहळू चढवत नेलेल्या २० जणांत एकालाही नाही. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून पाहिले असता मला असे वाटते की, दहांतील नऊ माणसे तिन्ही औषधे पुन्हा सोसतात हे आश्वासन खरे, परंतु जो दहावा सोसत नाही त्याला कोणत्या औषधाने बाधा केली हे एकदम सुरू केल्यास कळतच नाही. क्रमाने जाण्याचा लाभ हा मुख्यतः ज्ञानाचा आहे, आणि गंभीर इजा होऊन गेलेल्या रुग्णाच्या बाबतीत त्या ज्ञानावाचून पाऊल टाकू नये.

हे सारे प्रत्यक्षात कसे उतरते, ते एका कल्पित, परंतु रोजच्या अनुभवाशी मिळत्याजुळत्या उदाहरणाने पाहू. विड्या वळून गुजराण करणारी सोलापूरकडील एक बाई, वय ४६, वजन ४२ किलो. फुप्फुसाचा क्षय, थुंकीत जंतू सापडलेले. तिच्या वजनाच्या गटाप्रमाणे तिला चार औषधांच्या संयुक्त गोळ्या रोज तीन सुरू झाल्या. अशा एका गोळीत आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथाम्बुटॉल २७५ मिलिग्राम असते. आरंभीचे एसजीपीटी २८ होते, आणि हा आकडा कागदावर नोंदलेला होता, ही मोठी सोय. कारण पुढे वाढ दिसली तर ती आधीची की नंतरची याविषयी वाद उरत नाही. चौथ्या आठवड्यात तिला भाकरी नकोशी झाली, दोन दिवस उलट्या झाल्या. आशाताई गोळ्यांची चौकशी करायला आल्या, तेव्हा ती म्हणाली, ‘‘ताई, गोळ्या घेते हो, पण पोटात काही ठरत नाही.’’ आशाताईंनी तिला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात नेले. एसजीपीटी ३१०, बिलिरुबिन किंचित वाढलेले, रक्त गोठण्याची वेळ ठीक, शुद्ध पूर्ण. सर्व गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. हिपॅटायटिसच्या तपासण्या नकारात्मक निघाल्या.

थुंकीत जंतू असल्याने, मूत्रपिंडाची तपासणी करून, तिला तात्पुरती तीन औषधे देण्यात आली. आठवड्याने एसजीपीटी १९०, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ७२. भूक परतली. मग रिफाम्पिसिन ४५० मिलिग्राम आणि त्याच्या जोडीला इथाम्बुटॉल. सात दिवसांनी एसजीपीटी ५५. रिफाम्पिसिन निर्दोष ठरले. आयसोनियाझिड प्रथम १०० आणि तीन दिवसांनी २०० मिलिग्राम. पुन्हा सात दिवसांनी ६०, तक्रार काही नाही. याच पायरीवर आकडा १५० वर गेला असता, तर शेवटी आलेले औषध म्हणून आयसोनियाझिडलाच दोषी धरून थांबवले असते, आणि बाकीच्यांना हात लावला नसता. दोन्ही औषधे सुस्थिर झाल्यावर तात्पुरती औषधे आवरती घेतली गेली.

आता पायराझिनामाइडचे काय? तिची मूळ इजा अतिगंभीर नव्हती, तेव्हा ते परत देऊन पाहण्यास नियमाने हरकत नव्हती. पण वजन कमी, पोषण क्षीण, आणि सोलापुरापासून दूर गावी राहणाऱ्या बाईची दर आठवड्याला रक्ततपासणी होण्याची हमी नाही. वैद्यांनी ते वगळले. पायराझिनामाइडचे खास कार्य म्हणजे मंदावलेल्या, सुप्तप्राय जंतूंना मारणे; ते नसेल तर हे काम इतर औषधांना सावकाश करावे लागते, म्हणून सहा महिन्यांची मुदत नऊ महिन्यांची होते. नव्या योजनेची गणना पुन्हा पहिल्या दिवसापासून धरण्यात आली. तीन महिने अधिक औषध, आणि त्याच्या बदल्यात उग्र विकार उलटण्याचे भय टळले. हा सौदा मला न्याय्य वाटतो. आयसोनियाझिड सोसत नसते, तर ते वगळूनही रिफाम्पिसिनच्या आधाराने उपचार पूर्ण करता आला असता. रिफाम्पिसिनच सोसत नसेल, तर मात्र मार्ग पुष्कळ लांब आणि अवघड होतो, आणि तो तज्ज्ञांच्या हातीच सोपवावा.

एका प्रकारच्या रुग्णाला हा क्रम लागू करू नये. ज्याच्या यकृताचे कार्यच ढासळले, रक्त गोठेनासे झाले, दिवसा झोप व रात्री जाग अशी उलथापालथ झाली, बोलण्यात असंबद्धता किंवा गुंगी आली, त्याला तत्काळ यकृतोपचाराची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात हलवले पाहिजे. दिल्लीतील नोंदींनुसार क्षयाच्या औषधांमुळे यकृत असे तडकाफडकी निकामी झालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश दगावतात. त्यातून जो वाचेल, त्याला ही तिन्ही औषधे परीक्षा पाहण्यासाठी म्हणून पुन्हा देण्याचा मोह टाळावा. पायराझिनामाइड तर निश्चितच नको.

व्यवहारातील एक अडथळा सांगितल्याशिवाय हा विषय अपुरा राहील. आपल्याकडे क्षयाची औषधे संयुक्त गोळीतून दिली जातात. त्यामुळे रुग्ण एखादे औषध टाळू शकत नाही आणि प्रतिकार निर्माण होण्यास आळा बसतो, हे त्या पद्धतीचे मोठे श्रेय. पण एक-एक औषध क्रमाने सुरू करायचे, तर सुटी औषधे हवीत. संयुक्त गोळीचे तुकडे करून तिच्यातून रिफाम्पिसिन तेवढे वेगळे काढता येत नाही. गावातील केंद्रात सुटी औषधे हाती नसतात म्हणून सुरुवात लांबते, किंवा कंटाळून संयुक्त गोळीच परत चालू केली जाते. म्हणून एसजीपीटी उतरण्याची वाट पाहत असतानाच जिल्हा क्षयरोग केंद्राकडे सुट्या औषधांची मागणी नोंदवून ठेवावी. आकडा ८० च्या खाली आला त्या दिवशी औषध हजर पाहिजे. आणि कोणत्या दिवशी कोणते औषध सुरू झाले, कोणत्या दिवशी एसजीपीटी किती आले, याची नोंद रुग्णाच्या स्वतःच्या हातातील कागदावर हवी, कारण गाव बदलले, दवाखाना बदलला, की दप्तरातील नोंद मागे राहते.

रुग्णाने व घरच्यांनी एवढे करावे. गोळ्या चालू असताना दिवसभर टिकणारी मळमळ, उलटी, गडद लघवी किंवा पिवळे डोळे दिसले, तर त्या दिवसाची गोळी न घेता आरोग्य केंद्रात जाऊन एसजीपीटी तपासून घ्यावे. मद्य, पुडी व काढा पूर्णपणे थांबवावा. आणि औषधे थांबवली गेली असतील, तर ‘‘पुन्हा केव्हा यायचे’’ ही तारीख वैद्यांकडून लिहून घेतल्याशिवाय उठू नये. जवळ विचारण्यास कोणी नसेल, तर निक्षय योजनेचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-११-६६६६ हा आहे.